किंमत विचलन अनुकूल आले, तर खरेदी विभाग निर्दोष ठरतो का?

खरेदीकर: आधी ठरवून ठेवलेला प्रमाण दर किलोला 40 रुपये असताना आम्ही 8,000 किलो प्लास्टिक दाणा 37 रुपयांनी आणला, 24,000 रुपये अनुकूल. मोल्डिंगने 1,000 नगांसाठी, नगाला 5 किलोप्रमाणे, 5,000 किलो वापरायला हवा होता, तिथे 5,600 किलो संपवला. 24,000 रुपये प्रतिकूल. आम्ही कमावले तेवढे त्यांनी घालवले, तरी बैठकीत बोलणी आम्हीच खाल्ली. मग किंमत विचलन आणि परिमाण विचलन, म्हणजे दरातला फरक आणि वापरातला फरक, वेगळे काढता तरी कशाला?

खतावणी: दोन आकडे सारखे दिसले म्हणून हिशेब मिटत नाही. आपला 24,000 चा आकडा खरेदी केलेल्या 8,000 किलोंवरचा आहे आणि मोल्डिंगचा आकडा वापरलेल्या 5,600 किलोंवरचा. वापरलेल्या मालापुरती आपली बचत 16,800 रुपयेच होते, म्हणजे त्या 1,000 नगांवर निव्वळ 7,200 रुपये प्रतिकूल. उरलेल्या 2,400 किलोंवरची 7,200 रुपयांची बचत आपण आजच पदरात पाडून घेतली, पण त्या मालाची नासाडी अजून व्हायची आहे. नगाला 5.6 किलो हाच वापर राहिला, तर त्यातून साधारण 429 नग निघतील आणि सुमारे 10,290 रुपयांचे प्रतिकूल परिमाण विचलन पुढच्या महिन्यात मोल्डिंगच्या नावावर चढेल, तेही खरेदीच्या बाजूला एक रुपयाही न दिसता. खरेदीच्या वेळीच किंमत विचलन काढण्याची पद्धत मला मान्य आहे, कारण दराची जबाबदारी तिथेच कळते. मात्र त्या महिन्याची दोन विचलने एकमेकांसमोर मांडून फिटंफाट करणे मान्य नाही.

साचेवाला: आता मोल्डिंगचेही ऐका. तो दाणा ओलसर होता. नगांवर चंदेरी रेघा उमटल्या की माल नापास होतो, आणि वाळवणीला जादा वेळ दिला की यंत्र थांबून राहते. आमच्या जुन्या कारखान्यात असाच स्वस्त माल आला होता. खरेदीप्रमुखांना शाबासकी मिळाली आणि पाळीप्रमुखाला लेखी खुलासा द्यावा लागला. यंत्र थांबल्यामुळे मजुरीच्या कार्यक्षमतेचे विचलन प्रतिकूल आले, ते तर या धाग्यात कोणी धरलेलेच नाही.

नवा_लेखापाल: मला वाद निरर्थक वाटतो. अंदाजपत्रक 1,200 नगांचे, म्हणजे 6,000 किलोंचे होते, असे गृहीत धरू. वापर 5,600 झाला, तर 400 किलो वाचलेच ना?

खतावणी: नाही. न केलेल्या 200 नगांचा माल वाचला, ही काटकसर नव्हे. तुलना प्रत्यक्ष झालेल्या उत्पादनाला लागणाऱ्या प्रमाण परिमाणाशीच करायची असते.

नवा_लेखापाल: बरे. मग 600 जादा किलोंवरचे 3 रुपये, म्हणजे 1,800, खरेदीच्या खात्यात का? तो माल तर मोल्डिंगच्या चुकीने लागला. शुद्ध किंमत विचलन 5,000 किलोंवरचे 15,000 इतकेच हवे.

साचेवाला: 'मोल्डिंगच्या चुकीने' हे शब्द मागे घ्या.

खरेदीकर: मागे कशाला घ्यायचे? आणि ते 1,800 अनुकूल आहेत, तेव्हा आमच्याकडेच राहू द्या.

नवा_लेखापाल: दर 43 झाला की हेच 1,800 प्रतिकूल होऊन आपल्याच माथी येतील. तेव्हाही असेच हसत घ्याल का?

खतावणी: हा 1,800 चा संयुक्त भाग कोणाचा, यावर तर्काने शेवटचा निर्णय होत नाही. दरातला फरक आणि जादा वापर या दोन्ही कारणांनी मिळून तो निर्माण झाला आहे. प्रचलित पद्धत किंमत विचलन प्रत्यक्ष परिमाणावर आणि परिमाण विचलन प्रमाण दराने काढते, म्हणून तो किंमतीच्या बाजूला पडतो, आणि दर चढल्यामुळे मोल्डिंगचा आकडा फुगत नाही. कोणाला तिसरा रकाना हवा असेल तर काढावा. एकूण 7,200 बदलणार नाहीत. इतक्या छोट्या रकमेवर इतकी शाई खर्ची पडली आणि ओलसर दाणा बाजूलाच राहिला, याचे नवल वाटते.

खरेदीकर: ठीक आहे, शिल्लक मालावरचे 7,200 परत घ्या, तेवढ्याने आपले समाधान होत असेल तर. पण 40 हा प्रमाण दर वर्षारंभी ठरला आहे आणि आज बाजारातच दाणा 38 ला मिळतो. तीनपैकी दोन रुपये बाजाराचे असतील, तर आमची शाबासकी जशी खोटी, तसा '3 रुपयांसाठी ओला माल आणला' हा आरोपही खोटा.

खतावणी: हा मुद्दा मात्र खरा आहे. ते दोन रुपये दर ठरवणाऱ्यांच्या नावावर वेगळे दाखवावेत. आपल्या निर्णयाचा एकच रुपया उरतो, 5,600 किलोंवर 5,600 रुपये. त्याच्यासमोर 24,000 ठेवून पाहा.

साचेवाला: सगळे 24,000 ओलाव्यामुळेच झाले, असे मीही म्हणत नाही, एक साचा झिजलेला होता. आवक तपासणीत ओलाव्याची नोंद असेल, तर जबाबदारीची वाटणी तिथून करता येईल.

खरेदीकर: नोंदीत माल 'स्वीकृत' आहे. स्वीकारला कोणी, ते विचारा.