घोषवाक्य आटोपशीर करायचंय, पण ‘तोटी-तोटा’ जाऊ द्यायचा नाही

फेरीवाली ताई: आमच्या वस्तीत गळक्या नळांसाठी मुलांची फेरी काढतोय, घोषवाक्य भिंतीवरही रंगवायचंय. मी लिहिलेलं असं: ‘नळाची तोटी बंद करा खरी, नाहीतर तोटा होईल घरोघरी.’ तोटी आणि तोटा सगळ्यांना आवडलं, पण बाकीचं ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. काय काढू, काय ठेवू?

जुना फळा: पहिला काढायचा तो ‘खरी’. कोण खरी? तोटी खरी की खोटी, असा प्रश्नच नाही. ‘घरोघरी’शी जुळावं म्हणून तो आलाय. वाक्य साध्या बोलण्यात म्हणून बघा: ‘नळाची तोटी बंद करा, नाहीतर तोटा होईल.’ जे गळून पडलं आणि अर्थाला धक्का लागला नाही, ती भरती. या हिशेबाने ‘घरोघरी’ही भरतीच. तुम्ही दोन यमकं सांभाळताय. तोटी-तोटा ही तुमची खरी जमापुंजी. खरी-घरी हे नंतर चिकटवलेलं, आणि सगळी ओढाताण त्याच्यापायीच झाली.

काठावरचा: मला नाही पटत. घोषणेला शेवटी यमक हवंच. तोटी-तोटा यमक नव्हे, एक ‘टी’वर संपतो, एक ‘टा’वर. शाळेत शिकवतात त्याप्रमाणे तो श्लेष. शेवटचं यमक काढलंत तर घोषणा नाही, सूचनाफलक होईल.

जुना फळा: यमकाचं अर्धं बरोबर. ‘टी’ आणि ‘टा’ जुळत नाहीत, खरं आहे. पण श्लेषही नाही. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो. इथे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्वर बदललाय, म्हणून कानाला एकाच घरातले वाटतात. हा नादाचा खेळ दोन्ही शब्द दोन ओळींत एकाच जागी बसले तरच ऐकू येतो. ताईंच्या ओळीत ते मध्येच गाडले गेलेत. त्यांना टोकाला आणा:

‘गळते तोटी, कळे न तोटा.’

आता ‘गळते-कळे’ने आतलं यमक मिळतं आणि ‘खरी’ची गरज उरत नाही. मात्रा मोजा: आठ आणि आठ. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मोजा, आठ-आठ. ‘झाडे लावा, झाडे जगवा’, आठ-आठ. ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ही आठ-आठच. ताईंची मूळ ओळ अठरा आणि एकवीस आहे. चालता चालता मुलांचा श्वास पुरणार नाही.

काठावरचा: मात्रांचं एवढं काही नाही. ‘अति घाई, संकटात नेई’ सहा आणि दहा आहे, तरी रस्त्यारस्त्यावर टिकलं.

जुना फळा: टिकलं, मान्य. ते भिंतीवर वाचायचं आहे आणि ‘घाई-नेई’चं यमक घट्ट आहे. फेरीत पहिला अर्धा एक मूल म्हणतं, दुसरा अर्धा सगळे. तिथे दोन्ही बाजू सारख्या लागतात. हा माझा आग्रह आहे, नियम नाही.

भिंत रंगवणारा: मी बरीच वर्षं भिंती रंगवतोय. ताईंची ओळ चोवीस अक्षरांची, फळाकाकांची दहांची. त्याच भिंतीवर अक्षर दुपटीहून मोठं काढता येतं, लांबून वाचता येतं. पण ‘कळे न’ला माझा विरोध आहे. पोरांकडून ओरडून घ्या. ‘न’ आणि ‘तोटा’ एका दमात गेले की तो ‘न’ कधी ‘ल’ होतो, कळतसुद्धा नाही. ऐकणाऱ्याला ‘कळेल तोटा’ ऐकू येतं. म्हणजे उलटाच अर्थ. आणि असं बोलतंय कोण? आपण ‘काही कळेना’ म्हणतो. ‘गळते तोटी, कळेना तोटा’ करा.

जुना फळा: ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ‘कळेना’ केलं की दुसरी बाजू नऊ मात्रांची होते, एक जास्त. ‘ना’ लांबवला की ठेका किंचित घसरतो. तरी उलटा अर्थ पोचण्यापेक्षा एक मात्रा वाढलेली बरी. मी तुमच्या बाजूने.

ओला-सुका: माझंही असंच अडलंय! आमचं वाक्य: ‘ओला सुका वेगळा करा, कचऱ्याला द्या योग्य थारा.’ यमक बसलंय, पण कुणीतरी हसलं, तेव्हापासून डोक्यात आहे.

भिंत रंगवणारा: थारा म्हणजे आसरा. ‘कचऱ्याला थारा देऊ नका’ असं आपण म्हणतो, तुम्ही द्या म्हणताय. ‘करा’शी जुळवताना उलटा शब्द आला. दुसरी ओळच काढा, ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ एवढं पुरतं.

नळाखाली बादली: मला सोपं सुचतंय: ‘नळ गळतो, पैसा जळतो.’ यमक पक्कं आहे, आणि तोटी हा शब्द सगळीकडे बोलतही नाहीत.

फेरीवाली ताई: यमक छान आहे, पण तोटी-तोटा गेलं की! तेच वाचवायचं होतं. आमच्याकडे तोटी सर्रास म्हणतात. आणि पाण्याने पैसा ‘जळतो’ म्हटलं की ‘गळतो’साठी आणलेला शब्द दिसतो, माझ्या ‘खरी’सारखाच. माझी खरी अडचण दुसरी आहे. ‘कळेना तोटा’मध्ये काय करायचं ते कुठे आहे? माझ्या ओळीत निदान ‘बंद करा’ होतं.

काठावरचा: हेच मी म्हणत होतो, छाटता छाटता कामाचं गेलं. हे घ्या: ‘तोटी आवळा, तोटा टाळा.’ शेवटी यमक आहे, खेळ शाबूत, आज्ञाही आहे.

जुना फळा: कानाला फार चांगलं. ‘आवळा’मुळे पहिली बाजू नऊची झाली, पण ते चालेल.

भिंत रंगवणारा: कानाला चांगलं, नळाला वाईट. आतला वायसर झिजला की तोटी कितीही आवळा, गळतेच. जोर लावून आवळली तर वायसर आणखी चेपतो, आटेही जातात. पोरं घरी जाऊन तेच करणार.

जुना फळा: मग ‘आवळा’ हाही भरतीचा शब्द ठरला. ‘टाळा’शी जुळतो म्हणून आला, खरा असल्याची खात्री कुणी केली नाही. क्रियापद बदलून बघू. ‘तोटी फिरवा, तोटा हरवा’मध्ये यमक पूर्ण, पण फिरवली की उघडतेही, आणि तोटा ‘हरवणं’ कानाला खटकतं. ‘तोटी बदला, तोटा टळला’ बघा. आठ-आठ मात्रा, दहा अक्षरं, ‘ला’चं यमक. आधी आज्ञा आणि मग काम झाल्यासारखा भूतकाळ, हे मराठीत सहज येतं. ‘औषध घ्या, ताप गेलाच’ तसं.

काठावरचा: बदला-टळलामध्ये नुसता ‘ला’ जुळतो. आवळा-टाळा त्याहून भरदार होतं.

जुना फळा: भरदार होतं, कबूल. पण भिंतीवर चुकीचा सल्ला लिहिण्यापेक्षा मी एका अक्षराचं यमक घेईन.

फेरीवाली ताई: ‘तोटी बदला’ म्हटलं की लोकांना वाटेल नवी तोटी आणायला सांगताहेत, वायसर बदलला तरी भागतं. म्हणून भिंतीवर ‘गळते तोटी, कळेना तोटा’ मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात ‘वायसर तपासा’, असं करावं म्हणतेय. फेरीला ‘तोटी बदला, तोटा टळला’.

काठावरचा: एकाच मोहिमेला दोन घोषणा? मुलांच्या तोंडी एक, भिंतीवर दुसरी, मग लक्षात कोणती राहणार?

भिंत रंगवणारा: उद्या संध्याकाळी दोन्ही आठ-दहा पोरांकडून एकदाच म्हणवून घ्या, आणि तासाभराने विचारा काय आठवतंय. ज्याचे शब्द पोरं बदलून सांगतील, ते माझ्याकडून रंगवून घेऊ नका.