मदत हवी आहे: सदर्न ब्लॉटमध्ये दोन बँड, मग नॉर्दर्न आणि वेस्टर्नमध्ये एकच कसा?

रूही_ठाणे
नमस्कार. मी ठाण्यात एमएस्सी लाइफ सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंतर्गत परीक्षेत एका प्रश्नात माझे सहापैकी चार मार्क गेले. मार्क गेल्याचं वाईट वाटलं, पण का गेले ते अजून कळत नाही याचं जास्त वाटतंय.

प्रश्नात एका कुटुंबाच्या सदर्न ब्लॉटचं चित्र होतं. चौघांचा डीएनए एमएसटी-२ या एन्झाइमनं कापलेला आणि प्रोब बीटा ग्लोबिनचा. वडिलांच्या लेनमध्ये १.३५ आणि १.१५ केबी असे दोन बँड, आईच्याही तसेच. मुलीला फक्त १.१५. मुलाला फक्त १.३५. आई-वडील सिकल सेलचे वाहक, मुलगी निरोगी, मुलगा आजारी, इथवर मी बरोबर लिहिलं.

पुढे विचारलं होतं, याच चौघांच्या रक्तावर आरएनएचा नॉर्दर्न आणि प्रोटीनचा वेस्टर्न केला तर काय दिसेल ते काढा. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, म्हणून मी आई-वडिलांना दोन्हीकडे दोन-दोन बँड काढले आणि मुलाचा बँड मुलीच्या वर दाखवला. मॅडमनी दोन्ही चित्रांवर काट मारून बाजूला लाल पेनानं एवढंच लिहिलंय: "आकार कशाचा?"

अजून एक. १.३५ मधून १.१५ गेले की ०.२ उरतात. तो ०.२ चा तुकडा चित्रात कुठेच नव्हता. तो गेला कुठे?

निखिल_कळवा
तुझ्या मॅडमचं अर्धंच बरोबर आहे. नॉर्दर्नमध्ये एकच बँड येईल, कारण स्प्लायसिंगमध्ये तो जास्तीचा ०.२ चा भाग कापून टाकला जातो. पण वेस्टर्नमध्ये आई-वडिलांना दोन बँड यायलाच हवेत. आम्ही कॉलेजात हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस केलंय. वाहकाच्या नमुन्यात निरोगी ए आणि सिकलचा एस चक्क वेगवेगळे दिसतात, डोळ्यांनी पाहिलेत. ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन आलं की चार्ज बदलतो, म्हणून. मॅडमना पुन्हा भेट आणि मार्क माग.

जुना_ब्लॉटवाला
रूही, नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं हेच काम केलं. मेम्ब्रेनवर टिश्यू पेपरची चळत आणि तिच्यावर वजन म्हणून टेलिफोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी ठेवून आम्ही रात्री घरी जायचो. खालचं मिठाचं द्रावण कागदात चढताना जेलमधला डीएनए मेम्ब्रेनवर आणून सोडायचं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मॅडमचा प्रश्न नेमका आहे. १.३५ हा जनुकाचा आकार नाही. ते दोन कापांमधलं अंतर आहे. ठाण्याहून मुंब्र्याला जाताना मध्ये कळवा लागतं. समजा एक गाडी कळव्याला थांबली, म्हणजे प्रवासाचे दोन तुकडे. दुसरी न थांबता गेली, म्हणजे एकच लांब तुकडा. रूळ मात्र दोघींना तेवढेच. एमएसटी-२ ला कापायला CCTNAGG अशी अक्षरं लागतात, N च्या जागी कोणतंही अक्षर चालतं. निरोगी जनुकात पाचव्या-सहाव्या कोडॉनपाशी CCTGAGG आहे, तिथे काप पडतो आणि १.१५ व ०.२ असे दोन तुकडे होतात. सिकलमध्ये एका A चा T होऊन CCTGTGG होतं. एन्झाइमला ते स्टेशन सापडत नाही, तुकडा अखंड १.३५ चा राहतो. जनुक एका अक्षरानंही लांब झालेलं नाही.

०.२ चा तुकडा असतोच, फक्त दिसत नाही. प्रोब १.१५ च्या भागापुरताच बनवला असेल तर ०.२ ला तो चिकटणारच नाही. चिकटला तरी एवढा लहान तुकडा बरेचदा जेलच्या तळातून निघून जातो, किंवा इतका फिका येतो की फिल्मवर हाती लागत नाही.

आता नॉर्दर्न. तिथे आपण आरएनए कापत नाही, आहे तसा फॉर्माल्डिहाइडच्या जेलवर चालवतो. ए असो की एस, बीटा ग्लोबिनचा एमआरएनए अदमासे ०.७ केबीचा. एका अक्षराच्या बदलानं तो जेलवर मागेपुढे होत नाही. म्हणून चौघांना एकाच उंचीवर एकेक बँड. निखिल, स्प्लायसिंगमध्ये इंट्रॉन जातात हे खरं, पण ते ए आणि एस दोन्हींत सारखेच जातात. त्या ०.२ शी त्याचा संबंध नाही.

वेस्टर्नमध्ये प्रोटीन एसडीएसमध्ये उकळून चालवतात. एसडीएस प्रोटीनभर चिकटून त्याचा स्वतःचा चार्ज झाकून टाकतं, मग जेलवर धावण्यात फक्त आकार उरतो. १४६ अमिनो अॅसिडची साखळी, साधारण १६ किलोडाल्टन, चौघांची सारखीच. तू कॉलेजात जे पाहिलंस ते एसडीएसशिवायचं जेल होतं. तिथे चार्ज शिल्लक असतो म्हणून ए आणि एस वेगळे पळतात. निरीक्षण बरोबर, पण तो वेस्टर्न नव्हता.

शुभांगी_उल्हासनगर
यातलं मला बरंचसं समजत नाही, पण विषय रक्ताचा दिसला म्हणून विचारते. माझ्या भावाचं लग्न ठरतंय. त्याच्या एचपीएलसी रिपोर्टमध्ये ए-टू ५.४ टक्के आलंय आणि खाली थॅलेसेमिया मायनर लिहिलंय. आमच्या कॅम्पात थॅलेसेमियाची मुलं असलेली घरं आहेत, म्हणून आई घाबरली आहे. त्याला हे सदर्न ब्लॉट करून घ्यायला सांगू का?

जुना_ब्लॉटवाला
शुभांगीताई, नको. भावाचं निदान एचपीएलसीनं झालेलं आहे. आता होणाऱ्या वहिनींची तीच तपासणी लग्नाआधी करून घ्या. त्यांचं नॉर्मल आलं तर थॅलेसेमिया मेजरची भीती नाही. त्याही मायनर निघाल्या, किंवा त्यांच्यात सिकल सापडला, तर दोघांनी मिळून जेनेटिक्सच्या ओपीडीत जा. तिथे नेमका बदल पीसीआरवर आधारलेल्या तपासणीतून शोधतात, सदर्न आता त्यासाठी सहसा कुणी करत नाही.

रूही, ताईंच्या प्रश्नात तुझ्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. समजा वडील सिकलचे वाहक आणि आई थॅलेसेमिया मायनर. मुलाला वडिलांकडून सिकल आणि आईकडून थॅलेसेमियाचं जनुक मिळालं. एमएसटी-२ चा ब्लॉट काय दाखवेल? थॅलेसेमियाच्या जनुकात ती CCTGAGG ची जागा सहसा शाबूत असते, म्हणून १.३५ आणि १.१५. हुबेहूब वाहकाचं चित्र, आणि मूल मात्र आजारी. १.१५ चा बँड फक्त इतकंच सांगतो की त्या जागी काप पडला. बाकीचं जनुक चालतं की नाही, ते तो सांगत नाही.

रूही_ठाणे
काका, खूप आभार. कळव्याच्या उदाहरणानं डोक्यात लख्ख झालं. पण मग अशा मुलाचा नॉर्दर्न केला तर कळेल ना? थॅलेसेमियात एमआरएनए कमी होतो असं वाचलंय.

खारघर_पीएचडी
मी रोज आरएनएवर काम करते म्हणून मध्ये बोलते. कमी झालेलं दिसू शकतं, पण बँड फिका दिसला म्हणजे एमआरएनए कमी, असं लगेच धरू नकोस. माझा पहिला नॉर्दर्न असाच होता. एका लेनमध्ये बँड अगदी पुसट आला आणि मी आनंदानं गाइडना दाखवायला गेले. त्यांनी आधी जेलचा फोटो मागितला. बाकीच्या लेनमध्ये २८एस आणि १८एस हे राइबोसोमचे दोन बँड ठसठशीत होते, वरचा खालच्याच्या जवळपास दुप्पट. माझ्या त्या लेनमध्ये खालपर्यंत ओघळ उतरला होता. आरएनए आधीच तुटलेला होता, पेशीत काहीही कमी झालेलं नव्हतं.

ग्लोबिनसाठी त्याच मेम्ब्रेनवर अल्फा ग्लोबिनचा प्रोबही लाव आणि बीटा-अल्फाचं प्रमाण बघ. आणि आरएनए घेणार कुठून तेही लक्षात ठेव. डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळतो, पण त्या पेशी ग्लोबिन बनवत नाहीत. बीटा ग्लोबिनचा एमआरएनए रेटिक्युलोसाइटमध्ये, म्हणजे कोवळ्या लाल पेशींत मिळतो. सदर्नला कुठलीही केंद्रक असलेली पेशी चालते, म्हणून तर १९८२ मध्ये गर्भाच्या पेशींवरून याच एमएसटी-२ नं सिकलचं निदान करता आलं. नॉर्दर्न आणि वेस्टर्नला ते जनुक जिथे काम करतं तीच पेशी लागते.

जुना_ब्लॉटवाला
बरोबर. आणि अल्फाशी तुलना करूनही नॉर्दर्न एवढंच सांगेल की बीटा कमी आहे. जे आहे ते ए की एस, हे त्या एका बँडवरून कळणार नाही. त्या मुलासाठी एचपीएलसीच हवं: बहुतेक एस दिसतं आणि ए नसतं किंवा एसपेक्षा बरंच कमी. अर्थात मधल्या काळात रक्त चढवलेलं नसेल तर.

सदर्न वाचतानाची एक चूक सांगतो, आमच्याकडे घडलेली. एका नमुन्यात १.१५ गडद आणि १.३५ फिका आला. शिकाऊ मुलानं वाहक म्हणून नोंद केली. पण शेजारच्या लेनमध्ये आम्ही खात्रीच्या निरोगी माणसाचा डीएनए ठेवला होता, त्यातही तसाच फिका १.३५ होता. म्हणजे एन्झाइमनं काम अर्धवट सोडलं होतं. खऱ्या वाहकात दोन्ही बँड जवळपास सारखे गडद येतात, कारण दोन्ही जनुकांची एकेकच प्रत असते. तेव्हापासून प्रत्येक डायजेशनमधला थोडा भाग वेगळा काढून त्यात लॅम्डा फाजचा डीएनए टाकायचा आणि तो पुरता कापला गेला का ते आधी पाहायचं, असा नियमच केला.

अर्धवट कापण्यानं खोटा १.३५ येतो, खोटा १.१५ येत नाही. १.१५ खोटा यायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी डीएनए मिसळलेला असावा लागतो. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी आल्या की नेमकं हेच होतं, आणि आजारी गर्भ वाहक वाटू शकतो. माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा वाईट.

निखिल_कळवा
काका, एसडीएसचं मान्य, मी दोन जेलांची गल्लत केली. पण फक्त एसलाच ओळखणारी अँटिबॉडी वापरली तर? मग वेस्टर्नमध्ये फरक दिसेलच ना? प्रश्नात अँटिबॉडी कोणती ते लिहिलं नव्हतं, म्हणजे रूहीला काही मार्क मिळायला हवेत.

जुना_ब्लॉटवाला
अशा अँटिबॉडी आहेत, सिकलच्या झटपट तपासणीच्या पट्ट्यांमध्ये वापरतात. पण तेव्हाही बँड दोन होणार नाहीत. त्याच १६ वर आई-वडील आणि मुलगा यांना बँड येईल, मुलीची लेन रिकामी राहील. एसडीएसमध्ये उकळल्यावर ती अँटिबॉडी तो भाग ओळखते का, हे प्रत्येक अँटिबॉडीचं वेगळं करून पाहावं लागतं. रूहीनं वर-खाली बँड काढले होते, त्यामुळे मार्कांचं मला पटत नाही.

खारघर_पीएचडी
मला निखिलचं थोडं पटतं. प्रश्नात अँटिबॉडीचा उल्लेख हवा होता, निदान "ए आणि एस दोन्ही ओळखणारी" एवढं तरी.

रूही_ठाणे
मार्क राहू देत. सोमवारी मॅडमकडे चित्र पुन्हा काढून नेते: नॉर्दर्नला चौघांचा एकेक बँड ०.७ वर, वेस्टर्नला एकेक १६ वर, आणि खाली अँटिबॉडी दोन्ही ओळखणारी असल्याची टीप.

जाता जाता एक शंका. एचबी-सी मध्ये त्याच सहाव्या कोडॉनचं GAG बदलून AAG होतं ना? मग CCTAAGG उरतं. N च्या जागी काहीही चालत असेल तर एमएसटी-२ तिथे कापेलच, आणि सी असलेला माणूस ब्लॉटवर निरोगीच दिसेल?

जुना_ब्लॉटवाला
हो. कापेल, आणि १.१५ च दिसेल. आपल्याकडे सी फारसा सापडत नाही, पण डी-पंजाब सापडतो. त्याचा बदल १२१ व्या कोडॉनला आहे, म्हणून तोही या ब्लॉटला दिसत नाही. सिकल आणि डी एकत्र आलेलं मूल आजारी असतं आणि फिल्मवर वाहक दिसतं. मॅडमना हेही विचार.