मदत हवी आहे: ऑल्वेजबरोबर चालू काळ चालतो का?

घाईत_आहे: 'ऑल्वेज' दिसलं की साधा वर्तमानकाळ, असं पाठ केलंय. उत्तरसूचीत मात्र 'इज लूझिंग' दिलंय. छपाईची चूक ना? उद्या परीक्षा आहे, लवकर सांगा.

शब्दवेडा: पूर्ण वाक्य द्या. रिकाम्या जागा किती आहेत?

घाईत_आहे: दोन. 'ही ___ ऑल्वेज ___ हिज कीज. इट ड्राइव्ह्ज मी मॅड.' कंसात 'लूज'.

किल्लीबहाद्दर: दाराजवळ एक खिळा ठोका, घरात शिरलं की किल्ली तिथेच. हरवायचा प्रश्नच नाही.

शब्दवेडा: :) सूची बरोबर आहे. 'ऑल्वेज'च्या आधीही जागा सोडली आहे, ती 'इज'साठी. साधा काळ हवा असता तर 'ही ऑल्वेज लूझेस' असं एकाच जागेत भागलं असतं. शिवाय पुढच्या वाक्यात वैताग आहेच.

अर्थ मराठीत पाहा. 'तो सारखा किल्ल्या हरवत असतो' म्हणजे प्रत्येक वेळी नव्हे, पण नको तितक्या वेळा. तिथे चालू काळ. 'झोपायच्या आधी तो नेहमी दार लावतो' हा ठरलेला नेम, म्हणून 'ही ऑल्वेज लॉक्स द डोर बिफोर ही गोज टू बेड'. 'नेहमी' आणि 'सारखा' यांतला फरक कानाला कळला की बरंच काम होतं.

नियमावली: म्हणजे ऑल्वेज आणि आयएनजी एकत्र आले की तक्रार. एवढंच लक्षात ठेवा.

शब्दवेडा: एवढंच नाही. 'शी इज ऑल्वेज गिव्हिंग अस प्रेझेंट्स' यात कौतुकही असू शकतं. आणि 'व्हेन आय कॉल, ही इज ऑल्वेज स्लीपिंग' यात फोन करावा तेव्हा झोप चालूच असते, एवढाच सरळ अर्थ निघू शकतो. वैताग सूर आणि संदर्भ ठरवतात.

नियमावली: परीक्षेत सूर ऐकू येत नाही. शेजारी 'मॅड', 'ॲनॉइंग' दिसलं की आयएनजी लिहून मोकळं व्हावं.

मीपणएक: माझाही प्रश्न. 'आय ॲम ऑल्वेज गोइंग टू ऑफिस बाय बस' लिहिलं तर खुणेचा लाल गोल. का?

शब्दवेडा: 'जात असतो' यातला 'असतो' पाहून 'ॲम' लावलात. पण ही साधी सवय आहे, तक्रार नाही: 'आय ऑल्वेज गो'. तक्रार असली तर स्वतःबद्दलही चालतं, 'आय ॲम ऑल्वेज फर्गेटिंग नेम्स'. जुन्या काळची असेल तर 'वॉज ऑल्वेज लूझिंग'. 'ऑल्वेज'ऐवजी 'कॉन्स्टंटली' किंवा 'फॉरेव्हर'ही बसतं.

घाईत_आहे: म्हणजे दोन जागा असतील तर आयएनजी. बास, कळलं.

शब्दवेडा: थांबा. 'ही ___ ऑल्वेज ___' मध्ये 'हॅज ऑल्वेज लॉस्ट'सुद्धा मावतं. पुढचं वाक्य वाचल्याशिवाय भरू नका.

नियमावली: आता त्यांना आणखी गोंधळात टाकू नका हो.