चेहरा बदललेला फोटो: कान, कडा आणि सावलीवरून भांडण

फेकपकड:
चेहरा बदललेला फोटो ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. तीन गोष्टी बघा. नाकाची सावली आणि अंगाची सावली वेगवेगळ्या दिशेला, कानाचा आकार वेगळा, चेहऱ्याच्या कडा धूसर. यातली एक जरी सापडली तरी फोटो शंभर टक्के खोटा. सेव्ह करून ठेवा, पुढे पाठवा.

डार्करूमवाला:
हे तिसऱ्यांदा माझ्याकडे फिरत आलंय, म्हणून आता लिहितोच. तिन्ही खुणा खऱ्या आहेत. "एक जरी सापडली तरी" हे मात्र घातक आहे.

एक खरा मामला सांगतो. ओळखीच्या एका माणसाचा फोटो ग्रुपवर आला. टेबलाशी बसलेला, समोर नको ती मंडळी. खिडकी आपल्या डावीकडे. शर्टाची डावी बाजू उजळ, उजवी अंधारी, हाताची सावली टेबलावर उजवीकडे पडलेली. इथवर सगळं जुळतं. चेहऱ्यावर मात्र आपल्या उजवीकडचा गाल उजळ आणि नाकाची सावली डावीकडे. डोळ्यांत बघितलं तर बुबुळावर चमकीचा गोल ठिपका, घड्याळात एक-दोन वाजतात त्या जागी. खिडकीची चमक असती तर ती डावीकडे, दहाच्या आसपास आणि चौकोनी दिसायला हवी होती.

तरीही मी लगेच "खोटा" म्हटलं नाही. उजवीकडे एखादा दिवा असू शकतो. पण तसा दिवा असेल तर त्याचा उजेड मानेच्या उजव्या बाजूवर आणि कॉलरवरही पडेल. मान काळीच होती. जो उजेड गालावर पडतो आणि चार बोटं खाली मानेवर पडत नाही, तो त्या खोलीतला नव्हे.

मग कान. चेहरा बदलणारी बहुतेक अ‍ॅप्स भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग बदलतात. कान आणि केस मूळ माणसाचेच राहतात. म्हणून "कान विचित्र दिसतो का" असं विचारून काही हाती लागत नाही, "हा कान कोणाचा" असं विचारायचं. त्या माणसाचा खात्रीचा जुना फोटो काढला, त्याच बाजूच्या कानाचा आणि साधारण त्याच कोनातला. खऱ्या फोटोत पाळी सुटी लोंबती, या फोटोत ती थेट गालाला चिकटलेली. वरच्या कडेची घडीही निराळी होती.

शेवटी कड. कानाच्या पुढून जबड्याच्या बाजूने एक पट्टा होता. त्याच्या आतली कातडी गुळगुळीत, बाहेर मानेवर बारीक दाणे. अंधारात काढलेल्या फोटोत दाणे येतात, पण येतात तर सगळीकडे येतात.

तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होत्या, म्हणून मी खोटा म्हटलं. पुढे तो फोटोच टाकून नेटवर उलटा शोध घेतल्यावर तीच खोली, तेच टेबल आणि वेगळा चेहरा असलेला मूळ फोटो सापडलाही.

फेकपकड:
म्हणजे सावली, कान, कडा. माझंच म्हणणं चारपट लांब करून मलाच ऐकवलंत. लोकांना एवढं वाचायला वेळ नसतो साहेब, त्यांना नियम लागतो.

मोरपंखी:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ओळखपत्रासाठी स्टुडिओत फोटो काढला. त्या पोराने न विचारता गाल गुळगुळीत केले, डोळ्यांखालचं काळं पुसलं आणि कानावर आलेली बट कापताना कानाची वरची कडही खाल्ली. अर्ज परत आला, शेरा काय तर "छायाचित्रात फेरफार". चेहरा माझा, कान माझा, तरी मी खोटी! मग या तीन खुणा माझ्याविरुद्धच जातात की नाही?

तर्कटकाका:
ताई, त्यांनी बरोबरच केलं. फेरफार तो फेरफार.

पण मला मूळ पोस्टमधली पहिली खूण खुपते. नाकाची सावली एकीकडे आणि अंगाची दुसरीकडे म्हणून फोटो खोटा, हे वाक्य साठ वर्षं जुनं आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांना मारल्याचा आरोप असलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डचा मार्च 1963 मधला अंगणातला फोटो आठवा, हातात रायफल घेतलेला. नाकाची सावली सरळ खाली ओठावर आणि अंगाची जमिनीवर तिरपी. लोक म्हणाले डोकं चिकटवलंय. 2009 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या हॅनी फरीद यांनी डोक्याचं त्रिमितीय मॉडेल करून दाखवलं की एकट्या सूर्याने दोन्ही सावल्या तशाच पडतात. मग आता बोला.

फेकपकड:
आला ऑस्वाल्ड! आता केनेडी येणार, मग चंद्रावरचा झेंडा येणार. काका, तुम्ही कुठल्याही धाग्यावर तेच आणता.

तर्कटकाका:
उत्तर नसलं की माणूस झेंडा फडकवतो.

पेनड्राइव्ह:
सगळे उगाच डोळे ताणताय. साइटवर फोटो टाका, एरर लेव्हल बघा, म्हणजे फोटो पुन्हा दाबल्यावर कुठे किती फरक पडतो ते. बदललेला भाग उजळतो. दोन मिनिटांचं काम. मी माझ्या बॉसचा फोटो तपासला, डोळे आणि दात पांढरेशुभ्र उजळले. खोटा!

डार्करूमवाला:
डोळे आणि दात सगळ्यांचेच उजळतात. जिथे गडद आणि फिकट एकमेकांना भिडतात तिथे ती चाचणी उजळतेच, फोटो कितीही अस्सल असला तरी. त्यात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर तो लहान करून पुन्हा दाबलेला असतो, जुना फरक त्यातच पुसला जातो. बॉसचे दात खरे आहेत की नाही हे मात्र मी सांगू शकत नाही.

काका, ऑस्वाल्डचं उदाहरण चपखल आहे, पण त्यातून सावली निरुपयोगी ठरत नाही. निरुपयोगी आहे ते डोळ्याने दिशा ताडणं. नाकाची सावली पडते ओठावर, तो पृष्ठभाग वळलेला आणि नाकाला अगदी लागून. अंगाची सावली सपाट जमिनीवर लांब ताणली जाते. दोन्हींच्या दिशा कागदावर वेगळ्या दिसणारच.

त्याऐवजी रेघा ओढायच्या. सावलीतला एक बिंदू घ्या, समजा टोपीच्या टोकाची सावली. तिथून टोपीच्या खऱ्या टोकातून रेघ काढा आणि दोन्हीकडे वाढवा. फोटोतल्या तीन-चार जागांसाठी हेच करा. उजेड एकच असेल तर सगळ्या रेघा एका ठिकाणी मिळायला हव्यात. मिळण्याची जागा फोटोच्या चौकटीबाहेरही असू शकते, म्हणून भोवती भरपूर कोरी जागा ठेवा.

तर्कटकाका:
आणि नाकाच्या सावलीतला कुठला बिंदू नाकाच्या कुठल्या बिंदूचा, हे कोण ठरवणार? टोपीला टोक असतं. नाकाचा शेंडा गोल.

डार्करूमवाला:
म्हणून एक रेघ न ओढता दोन ओढायच्या, पाचरीसारख्या. खरा बिंदू या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे एवढंच धरायचं. सगळ्या पाचरींना सामाईक असा एकही तुकडा उरला नाही, तर उजेड जुळत नाही. तुकडा उरला, तर फोटो खरा ठरतो असं नाही, सावलीपुरता दोष सापडला नाही इतकंच. आणि ढगाळ दिवशी कडक सावलीच नसेल तर हे सगळं गुंडाळून ठेवायचं.

फेकपकड:
चला, सावलीचा नियम गेला, अभिनंदन. कान तरी ठेवाल का?

सायली_वाचते:
कानावरून माझ्या भावाला खोटं ठरवलं होतं, म्हणून लिहिते. त्याने आरशात सेल्फी काढली. कोणी तरी जुन्या फोटोशी ताडून म्हणालं की कान वेगळा, भांगही दुसरीकडे, चेहरा चिकटवलाय. अहो, आरशात डावा कान उजवा असल्यासारखा दिसतो! डावा आणि उजवा कान एकाच माणसाचेही अगदी सारखे नसतात. दोन दिवस भाऊ सगळ्यांना कान दाखवत फिरत होता.

डार्करूमवाला:
हे मी वर "त्याच बाजूचा कान" असं एका वाक्यात उरकलं होतं. सायली, तुमचा दाखला जास्त बोलका आहे. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं आणि कान मागे सरून लहान दिसतात, तेव्हा त्यांच्या मापावर जायचंच नाही. पाळी चिकटलेली की सुटी, कडेची घडी कुठे मोडते, असं बघायचं. अंतर बदललं तरी ते बदलत नाही.

पेनड्राइव्ह:
पण डोकंच्या डोकं मानेपासून उचलून लावलं तर? कान त्याच माणसाचा निघेल. मग?

डार्करूमवाला:
मग कान मुका. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न विचारलात, दातांचं माफ. अशा वेळी जोड मानेत किंवा कॉलरशी येते. हनुवटीची सावली मानेवर पडते का, मानेचा रंग छातीशी अचानक पालटतो का, तिथे शोधायचं. आणि अख्खं चित्रच नव्याने बनवलेलं असेल तर कानही त्याच वेळी बनलेला असतो. तिथे जोड शोधून काय मिळणार?

मोरपंखी:
आणि धूसर कडा? माझ्या फोनमधल्या प्रत्येक फोटोत कानाची कड विरघळलेली असते. पोर्ट्रेट लावलं की चष्म्याची काडीसुद्धा अर्धी गायब.

तर्कटकाका:
याला मात्र माझ्याकडे उत्तर आहे. फोन माणूस आणि मागचं दृश्य वेगळं करतो आणि मागचं धूसर करतो. त्यात चुकला की बाहेरच्या रेषेवर चुकतो. केस, कानाची मागची कड, चष्म्याची काडी. चेहरा चिकटवलेला असेल तर जोड चेहऱ्याच्या आतून जाते: कपाळावर, गालावर, कानाच्या पुढे. धूसरपणा कुठे आहे ते बघा.

डार्करूमवाला:
काकांशी सहमत होण्याची वेळ यावी! पण बरोबर आहे. सौंदर्य-फिल्टरचं तेवढं जोडा. तो गाल गुळगुळीत करतो आणि मान तशीच ठेवतो, म्हणजे माझ्या मामल्यातला दाण्यांचा फरक नुसत्या फिल्टरनेही येऊ शकतो. म्हणूनच मी एका खुणेवर थांबत नाही.

फेकपकड:
ठीक. "शंभर टक्के" काढतो, "संशय घ्या" लिहितो. "एक जरी" च्या जागी "किमान दोन". खूश? बाकी पोस्ट तशीच राहणार. तुमचा निबंध कोणी पुढे पाठवत नाही, माझी पोस्ट पाठवतात.

डार्करूमवाला:
दोन खुणा एकाच कारणाने आलेल्या नकोत, एवढं तरी घाला. फिल्टरने गाल गुळगुळीत होतो आणि जबड्याची कडही मऊ पडते. ती दोन खुणांसारखी दिसते, पण कारण एकच.

फेकपकड:
जागा नाही.

तर्कटकाका:
"सेव्ह करून ठेवा, पुढे पाठवा" काढा, जागा होते.

मोरपंखी:
सगळं कळलं. आता मी ओळखपत्राला कुठला फोटो लावू, ते सांगा.