मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर क्रोमओएस फ्लेक्स, आधी रॅम की एसएसडी?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी एक जुना लॅपटॉप क्रोमओएस फ्लेक्सवर चालवायचा आहे. तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. किमान अट ४ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेजची आहे, म्हणजे कागदावर तो जेमतेम बसतो. पण हे मॉडेल गूगलच्या प्रमाणित यादीत नाही.

पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून पाहिला. आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक आहेत. व्हिडिओ आणि लिहायचं डॉक्युमेंट एकत्र उघडलं की मात्र अडखळतो, आणि मागचा टॅब परत उघडला की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. हे रॅम कमी पडल्याचं लक्षण वाटतं, पण पेनड्राइव्ह मुळात संथ, त्यामुळे खात्री होत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. आधी ८ जीबी रॅम करू की एसएसडी बसवू?

दुसरी अडचण जास्त सतावते. झाकण मिटून उघडलं की वायफाय गायब, रीस्टार्ट केल्यावरच परत येतं. मुलं झाकण सारखं मिटणारच! आतलं वायफाय कार्ड बदलून कुणाचा हा त्रास गेला आहे का? कोणत्या चिपचं कार्ड घेतलंत?