अनुभव धागा : फेलोशिपच्या अर्जाचा पहिला परिच्छेद तुम्ही कसा लिहिलात?

धागा काढणारी, मेडिसिन जेआर-३, मूळची कागलची

क्रिटिकल केअर फेलोशिपचा अर्ज भरतेय. पहिल्या परिच्छेदातच शिक्षण, आवड आणि पुढचा बेत सांगायचा आहे. रात्रपाळीत तीन वेळा लिहिला, तीनदा खोडला. सध्याचा असा आहे (मूळ इंग्रजीत, इथं मराठीत देते):

"लहानपणी आजोबांचा दमा पाहिला तेव्हाच डॉक्टर व्हायचं ठरवलं. मी मेहनती असून टीमवर्कवर माझा विश्वास आहे. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचे ६० रुग्ण मी स्वतंत्रपणे हाताळले. जागतिक दर्जाचं प्रशिक्षण घेऊन ग्रामीण भागाची सेवा करायची आहे."

तुमचं काय जमलं, काय फसलं, ते सांगा.

जयसिंगपूरचा एक जेआर-२

एवढं कशाला डोकं खपवतेस? आपल्याकडं नीट एसएसची रँक बोलते. परिच्छेद कोण वाचतंय!

आयसीयू कन्सल्टंट, राजारामपुरी

डीएमसाठी हे बरोबर आहे, तिथं रँकच. एफएनबीलाही परीक्षा आहे. पण रुग्णालयं स्वतःच्या फेलोशिपसाठी मुलाखत घेतात तेव्हा, आणि अमेरिकेच्या अर्जात तर नक्कीच, हा कागद वाचला जातो. मी स्वतः काही वर्षं वाचतोय.

आजोबा काढून टाका. प्रत्येक गठ्ठ्यात पाच-सहा आजोबा असतात. मला अडकवलं ते "६० रुग्ण स्वतंत्रपणे" या शब्दांनी. मुलाखतीत मी पहिल्यांदा तिथंच बोट ठेवीन. निवासी डॉक्टरला ॲट्रोपिन कुणी ठरवून दिलं? श्वासाची नळी कुणी घातली? लॉगबुकात "मदत केली", "देखरेखीखाली केलं", "स्वतः केलं" असे वेगळे रकाने असतात, आणि अर्जातलं क्रियापद त्या रकान्याशी जुळलं पाहिजे. आकडा लहान असला तरी चालतो, न जुळणारा चालत नाही. ६० कुठून आले?

धागा काढणारी

खरं सांगते सर, ६० म्हणजे युनिटमध्ये दाखल झालेले सगळे. लॉगबुक मोजलं. दाखल झाल्यापासून शेवटपर्यंत मी पाहिलेले २३. त्यातल्या ९ जणांना नळी मी घातली, तीही सीनियर शेजारी उभे असताना.

कन्सल्टंट

मग ते २३ आणि ९ लिहा. आता सांगा, त्या २३ मधला कोणता रुग्ण डोक्यातून जात नाही? आवड म्हणून तोच लिहायचा.

पालक, गडहिंग्लज

नमस्कार. मुलगा एमएस्सी झालाय. ही फेलोशिप महिन्याला किती मिळते? उत्पन्नाचा दाखला लागतो का?

भूलतज्ज्ञ, सध्या पुण्यात

काका, ही शिष्यवृत्ती नव्हे, डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण आहे. मुलासाठी विद्यापीठात चौकशी करा.

माझा अनुभव: एकच परिच्छेद पाच ठिकाणी पाठवला. चौथ्या ठिकाणी तिसऱ्या रुग्णालयाचं नाव तसंच राहिलं. मुलाखतीला बोलावलं, पण प्रमुखांनी ते वाक्य हसत हसत वाचून दाखवलं. तेव्हापासून पहिल्या परिच्छेदात रुग्णालयाचं नावच घालत नाही.

धागा काढणारी

डोक्यातून न जाणारा आहे. उसाच्या रानातलं कीटकनाशक प्यायलेला माणूस, ऑरगॅनोफॉस्फरस. दुसऱ्या दिवशी लाळ, घाम थांबला, छाती मोकळी झाली, ऑक्सिजन चांगला. मी खूश. नळी काढली. सहा तासांत श्वास उथळ झाला आणि परत घालावी लागली. गादीवरून मान उचलता येते का, हे मी पाहिलंच नव्हतं. या विषात ॲट्रोपिननं स्राव आटोक्यात येतात, पण स्नायूंची ताकद साधारण २४ ते ९६ तासांत पुन्हा जाऊ शकते, आणि ते बहुधा मानेत आधी दिसतं. माणूस वाचला. नवा परिच्छेद:

"मेडिसिनच्या निवासी प्रशिक्षणात मी ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेचे २३ रुग्ण दाखल झाल्यापासून शेवटपर्यंत पाहिले, ९ जणांना देखरेखीखाली नळी घातली. त्यांपैकी एकाची नळी मी मानेची ताकद न तपासता काढली, ती सहा तासांत पुन्हा घालावी लागली. व्हेंटिलेटर कधी सोडवायचा, हा माझा प्रश्न तिथून सुरू झाला. तो शिकून जिल्हा पातळीवरच्या आयसीयूत विषबाधेच्या रुग्णांसाठी नळी काढण्याआधीची तपासणी बसवायची आहे."

जेआर-२

लई भारी. पण स्वतःची चूक पहिल्याच परिच्छेदात? मी तर नाही लिहिणार बाबा.

भूलतज्ज्ञ

मीही दुसऱ्या परिच्छेदात ढकलीन. अर्ज चाळणारा तिथंच थांबला तर?

कन्सल्टंट

मी थांबलो नसतो, पुढं वाचलं असतं. पण माझ्यासारखे सगळे नसतात, हेही खरं. मला शेवटचं वाक्य जास्त खटकतंय. "तपासणी बसवायची" म्हणजे कुणी, कधी करायची? रात्री एक सिस्टर आणि एक इंटर्न असताना ती होणार का? मुलाखतीत हे विचारतीलच.

धागा काढणारी

रात्रीचा विचारच केला नव्हता. आज आमच्या सिस्टरना विचारते, त्या पाळीला काय जमेल ते. चूक सध्या पहिल्याच परिच्छेदात ठेवतेय. शुक्रवारपर्यंत मत बदललं तर कळवते.