'सपोर्ट झोन'ला आधार म्हणावं की टेकू?

अर्धविराम
ऑप्शनमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय. त्यात ऑप्शन चेनच्या तक्त्याचा एक स्क्रीनशॉट आहे आणि त्याखाली सूचना आहे की यावरून पुट-कॉल रेशो काढा आणि संभाव्य सपोर्ट झोन ओळखा. मी 'पुट-कॉल प्रमाण' आणि 'आधार-क्षेत्र' असं लिहिलं. मसुदा भाच्याला वाचायला दिला, तर त्याने 'आधार-क्षेत्रा'वर बोट ठेवलं. "मावशी, म्हणजे याच्या खाली भाव जात नाही ना?" मी म्हटलं, जाऊ शकतो की. तर म्हणाला, "मग आधार कसला?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणता?

स्क्रीनशॉटमधले आकडे असे आहेत. निर्देशांक ५०३० वर आहे.

| कॉल `OI` | स्ट्राइक | पुट `OI` |
|---|---|---|
| ४०० | ४८०० | ६,२०० |
| १,१०० | ४९०० | ९,८०० |
| ५,२०० | ५००० | १२,५०० |
| ९,६०० | ५१०० | ४,३०० |
| १३,७०० | ५२०० | १,२०० |

शिलालेख
आधी 'प्रमाण' काढून टाका. शाळेच्या पुस्तकात 'गुणोत्तर' आणि 'प्रमाण' अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन संख्यांचा भागाकार ते गुणोत्तर, आणि दोन गुणोत्तरं सारखी असली की त्या चार संख्या प्रमाणात. इथे भागाकारच आहे, तेव्हा 'पुट-कॉल गुणोत्तर'. शब्दही किती चोख आहे बघा, गुणाकार-भागाकार करून आलेलं उत्तर!

मोरपीस
शिलालेखकाका, ते 'उत्तर' जबाबातलं नव्हे हो. 'उत्तरोत्तर' आणि 'लोकोत्तर' यांत आहे ते, पुढचं किंवा पलीकडचं. 'गुणोत्तर श्रेढी' म्हणतात तिथे दर पद आधीच्याच्या ठरावीक पटीने पुढे जातं. आणि रोजच्या बोलण्यात 'मुलामुलींचं प्रमाण' म्हणतोच की आपण. त्याने कुणाचं काय अडलं?

शिलालेख
अडत नाही म्हणून भाषा ढिली सोडायची का?

रोखठोक
शब्दावरून कशाला भांडताय, हिशेब करा. पुटची बेरीज ३४,०००, कॉलची ३०,०००. भागाकार १.१३. म्हणजे पुट जास्त. पुट घेतो तो पडझडीला घाबरलेला. सबब बाजार खाली जाणार आणि तुमचा आधार गेला वाहून. भाचा हुशार आहे.

जुनी वही
बेरीज बरोबर आहे. पुट वर आणि कॉल खाली हेही बरोबर, कारण नावात जे आधी येतं ते वर. उलटं केलं तर ०.८८ येतं आणि अर्थच फिरतो, इतकी साधी चूक नवखा हमखास करतो. पण पुढचा निष्कर्ष घाईचा आहे. प्रत्येक पुटला एक घेणारा असतो तसा एक लिहिणाराही असतो. `OI`च्या रकान्यात फक्त अजून न मिटलेल्या सौद्यांची संख्या असते, त्यातला घाबरलेला कोण आणि निर्धास्त कोण हे त्यात लिहिलेलं नसतं. उलट पुष्कळ लोक १.१३ बघून म्हणतील की पुट लिहिणारे निर्धास्त आहेत, म्हणजे कल वरचा. एकाच आकड्यावरून दोन विरुद्ध भविष्यं निघतात.

अर्धविरामताई, एक विचारतो. स्क्रीनशॉटमध्ये तक्त्याच्या तळाशी 'एकूण' अशी ओळ आहे का?

अर्धविराम
स्क्रीनशॉटमध्ये नाही, कापली गेलीय. मूळ पानावर आहे. थांबा, बघते. एकूण कॉल ८०,००० आणि एकूण पुट ६०,०००.

जुनी वही
मग पुट-कॉल रेशो ०.७५ झाला.

तुमच्या पुस्तिकेतली खरी अडचण ही आहे, शब्द नंतर बघू. दिसणाऱ्या पाच ओळींवरून १.१३ आणि पूर्ण तक्त्यावरून ०.७५. एक एकाच्या वर, दुसरा खाली. कारण वरच्या दूरच्या स्ट्राइकचे स्वस्त कॉल चित्राच्या बाहेर राहिले. चित्रावरून काढलेला आकडा हा 'या पाच स्ट्राइकपुरता' आहे असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणारा तो दुसरीकडच्या आकड्याशी ताडून बघेल आणि आपलंच गणित चुकलं म्हणून डोकं धरेल. आणखी एक, शेजारीच व्हॉल्यूमचा रकाना असतो. त्यावरूनही रेशो काढतात, पण ते आज किती हात बदलले याचं मोजमाप. कुठल्या रकान्यावरून काढला तेही लिहा.

मोरपीस
म्हणजे 'प्रमाण' की 'गुणोत्तर' यापेक्षा 'कशाचं' हे महत्त्वाचं. काका, नोंद घ्या.

उंबरठा
मी या असल्या 'आधारा'वर हात पोळून घेतले आहेत. गटात कुणीतरी स्क्रीनशॉट टाकला होता, एका स्ट्राइकवर पुटचा डोंगर. मी म्हटलं इथून खाली जात नाही, आणि तिथलाच पुट लिहिला. भाव त्यातून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मागाहून नीट बघितलं तर चित्र आदल्या दिवसाचं होतं, आणि एक्स्पायरीसुद्धा मी लिहिली ती नव्हतीच, पुढची होती. वर कोपऱ्यात तारीख होती, पण ती बघायला सवड कुणाला. तेव्हा ताई, 'आधार' नकोच. 'अंदाज-पट्टा' म्हणा.

शिलालेख
माझी सूचना 'टेकू'. आधार म्हटलं की पाया डोळ्यांसमोर येतो, जमिनीत गाडलेला. टेकू तात्पुरता असतो, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी लावलेला असतो, म्हणून कुणीतरी काढूही शकतो.

रोखठोक
'टेकू-क्षेत्र'? कोण म्हणतं असं? सगळे सपोर्ट म्हणतात, सपोर्ट लिहा आणि मोकळे व्हा. उद्या 'स्ट्राइक'ला 'संपभाव' म्हणाल.

जुनी वही
हसू आलं, पण काकांचा टेकू मला पटतोय. ताई, मूळ पानावर `CHNG IN OI` आणि `LTP` हे रकानेही असतील. ५००० आणि ४९०० च्या पुटसमोर काय आहे?

अर्धविराम
५००० च्या पुटला `CHNG IN OI` मध्ये -२,१०० आणि `LTP` ६०. ४९०० च्या पुटला +३,४०० आणि २८.

जुनी वही
बघा आता. निर्देशांकाच्या खाली सगळ्यांत जास्त पुट `OI` ५००० वर, त्याखालोखाल ४९०० वर. नवखा म्हणेल सपोर्ट ५०००. पण ५००० चा पुट ६० ला लिहिणाऱ्याचं एक्स्पायरीला नुकसान ४९४० च्या खाली सुरू होतं. ४९०० चा २८ ला लिहिणाऱ्याचं ४८७२ च्या खाली. म्हणून एका रेघेपेक्षा ५००० ते ४९४० असा पट्टा धरतात आणि त्याखाली ४९०० ते ४८७२ असा दुसरा. तरी हे ढोबळच, कारण `LTP` आत्ताचा भाव आहे, ते १२,५०० पुट कधी आणि कितीला लिहिले गेले हे तक्ता सांगत नाही.

आता बदल बघा. ५००० वरचे २,१०० सौदे आज मिटले आणि ४९०० वर ३,४०० वाढले. सगळ्यांत मोठा आकडा अजून ५००० वरच आहे, पण टेकू तिथून काढून खाली लावला जातोय असं हे दिसतं. नुसता `OI`चा रकाना असलेल्या चित्रात ही हालचाल दिसतच नाही.

मोरपीस
पण वही, हे ४९०० वरचे नवे ३,४०० पुट लिहिणाऱ्यांनी पुढाकार घेऊन उघडले की घेणाऱ्यांनी, हे कुठे कळतंय? घेणाऱ्यांची घाई असेल तर तो टेकू नव्हेच, पाऊस येणार म्हणून उघडलेली छत्री आहे.

जुनी वही
बरोबर पकडलंत. `OI` वाढताना निर्देशांक फारसा न हलताही त्या पुटचा भाव आणि `IV` दोन्ही चढत असतील, तर घेणाऱ्यांची घाई असावी असा कयास करतात. भाव उतरत असेल तर लिहिणाऱ्यांचा जोर. पण तोही कयासच, आणि एका क्षणाच्या चित्रावरून तोसुद्धा करता येत नाही. दोन वेगळ्या वेळांची चित्रं लागतात.

रोखठोक
म्हणजे शेवटी माझंच खरं. पुट वाढले की भीती.

जुनी वही
असू शकेल. तक्त्यावरून ते सिद्ध होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

नवखी
मध्येच विचारते, 'ओपन इंटरेस्ट'वरचं व्याज कोणाला मिळतं? लिहिणाऱ्याला ना?

मोरपीस
व्याज नाही गं! इंग्रजीत हा शब्द मुळात लॅटिनमधून आला, 'मध्ये असणं' अशा अर्थाचा. त्याची एक फांदी व्याजाकडे गेली, एक हितसंबंधाकडे. इथे दुसरी.

शिलालेख
म्हणूनच मी म्हणतो, शब्द मराठीत आणा. 'उभे सौदे'. उभं पीक म्हणजे अजून न कापलेलं, तसे हे अजून न कापलेले सौदे. आणि कॉल-पुटला तरी परके शब्द कशाला? 'तेजी' आणि 'मंदी' हे या सौद्यांचेच बाजारातले जुने शब्द. १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनच्या व्याख्येत 'तेजी', 'मंदी', 'तेजी-मंदी', 'गल्ली' हे शब्द पुट आणि कॉलच्या शेजारीच बसले आहेत.

रोखठोक
वा! मग पुट-कॉल रेशो म्हणजे 'मंदी-तेजी गुणोत्तर'. तो वाढला की तुमच्यातले अर्धे म्हणणार तेजी आहे. समजवा आता भाच्याला.

उंबरठा
'उभे सौदे' मात्र झकास. आम्ही रोज म्हणतोच, 'पोझिशन कापली'.

नवखी
'गल्ली' म्हणजे काय पण?

शिलालेख
त्यावर स्वतंत्र लिहितो. माझा एक तर्क आहे.

अर्धविराम
'गल्ली' नंतर, काका. मी 'उभे सौदे' घेतेय, आणि चित्र बदलून एकूणची ओळ, तारीख, एक्स्पायरी आणि `CHNG IN OI` दिसेल असं दुसरं टाकतेय. 'टेकू-पट्टा' भाच्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हे बरं आहे. पण टेकू लावणारा कोण, ते कुठे लिहिलंय?" आता तळटीप लिहायला बसलेय. 'गुणोत्तर' की 'प्रमाण' ते अजून ठरलेलं नाही.

शिलालेख
ठरलेलं नाही कसं? गुणोत्तर!